पाणी मोरीतून येतं

जुलै २०१९ मध्ये नानांचं आणि माझं बोलणं बंद होतं. कारण पाचशे रुपये. अकरा महिन्यांचा करार ऑगस्टअखेर संपत होता. नाना म्हणाले, भाडं पाचशेनं वाढव, नाहीतर दिवाळीपर्यंत दुसरी खोली बघ. मी म्हणालो, आधी मोरीची गळती काढा, मग वाढीचं बोला. त्यानंतर तीन आठवडे आम्ही जिन्यात समोरासमोर आलो की दोघंही मोबाईल काढून बघत होतो.

घर सांगलीत, गावभागात, नदीच्या अंगाला. खाली दोन खोल्या, स्वयंपाकघर, मोरी आणि संडास, त्यात मी, सुषमा आणि तिसरीतली मुलगी. वर नाना आणि काकू. नाना हळदीच्या अडत्याकडे चाळीस वर्षं दिवाणजी होते. मी मोटर रिवाइंडिंग करतो, दुकान मिरजेला आहे.

नागपंचमीला, म्हणजे पाच ऑगस्टला सकाळी, नाना स्वतःहून खाली आले. हातात एक लाल कापडी पुठ्ठ्याची वही. मला वाटलं, भाड्याचा हिशेब आणला. पण वहीत २००५ च्या पुराचे आकडे होते. दर दोन तासांनी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाण्याची पातळी किती आणि त्या वेळी आपल्या घरात पाणी कुठं, असे दोन रकाने.

"आयर्विनला पन्नास फूट झालं की आपल्या बोळात पाणी," ते म्हणाले. "बावन्नला तुझ्या फरशीवर. दोन हजार पाचला त्रेपन्न फूट नऊ इंच झालं होतं. म्हणजे तुझ्या खोलीत किती?"

"एक फूट नऊ इंच," मी म्हणालो.

"हं." त्यांनी कपाटामागची भिंत दाखवली. ऑईलपेंटची एक जुनी रेघ होती, मी ती रंगाऱ्याची चूक समजत होतो. "ह्याच्या वर एक फूट धर. तीन फुटांच्या वर सगळं ठेव, काही होत नाही."

सांगलीत चाळीस फूट म्हणजे इशारा आणि पंचेचाळीस म्हणजे धोका, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. पण त्या फुटांचं आपल्या उंबऱ्याशी काय नातं आहे, ते प्रत्येक घराचं वेगळं. ते आकडे ज्याच्याकडं लिहिलेले असतात त्याला वेळ मिळतो. बाहेर त्या दिवशी पाऊस फारसा नव्हता. मी तसं म्हणालो तर नाना चिडले. "सांगलीतल्या पावसानं सांगलीला पूर येत नाही रे. कोयनेला काय पडतंय आणि किती सोडतायत ते बघ. ते पाणी इथं यायला वेळ लागतो. त्यात खाली हरिपूरला वारणा भरून आलेली, ती कृष्णेला पुढं सरकू देत नाही."

आम्ही सोमवारचा दिवस तीन फुटांच्या हिशेबानं घालवला. पलंगावर टेबल, टेबलावर गाद्या, ओट्यावर धान्याचे डबे. फ्रीज दोन लाकडी स्टुलांवर चढवला. नानांनी एक काम मात्र असं करायला लावलं की मला ते हास्यास्पद वाटलं. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत वाळू भरून ती संडासाच्या भांड्यात दाबायची, भोवतीनं ओली गोणपाटं कोंबायची, आणि दुसरी गोणी मोरीच्या तोंडावर.

"पाणी दारातून येत नाही," ते म्हणाले. "मोरीतून येतं."

मंगळवारी त्याचा अर्थ कळला. दारासमोरची शेवटची पायरी अजून कोरडी होती आणि मोरीतून गुडगुड सुरू झाली. गटाराचा नाला नदीलाच मिळतो. नदी चढली की नाला उलटा भरतो, आणि घरातली सगळ्यांत खालची जागा, म्हणजे मोरी, आधी बोलायला लागते. ज्यांनी दाराला फळ्या आणि माती लावून बांध घातला होता त्यांच्या घरात पाणी मागून आलं, आणि तेही संडासातलं. गोणीनं पूर थांबत नाही. आम्हाला तिनं साधारण तीन तास दिले आणि घाण पाणी बऱ्यापैकी अडवलं. तेवढ्यात नानांनी न सांगितलेल्या गोष्टी मी केल्या, कारण त्या माझ्या धंद्यातल्या होत्या.

मेनस्विच खाली केला, फ्यूजच्या किटकॅट उपटून खिशात टाकल्या. मीटरचा बोर्ड फरशीपासून पाच फुटांवर होता, म्हणजे रेघेच्या कितीतरी वर. तरी काढल्या. आता घर मेलं, असं म्हणून वळलो तर जिन्यातला बल्ब पेटलेला. काळजात चर्र झालं. नानांचा इन्व्हर्टर जिन्याखाली होता आणि जिन्याची लाईन त्यावर होती. मेन बंद केलं की इन्व्हर्टर समजतो लाईट गेली, आणि इमानेइतबारे दोनशेतीस व्होल्ट द्यायला लागतो. ती वायर माझ्या दाराजवळच्या बोर्डातून, जमिनीपासून दीड फुटावरून जात होती. पाणी तिथं पोचलं असतं तेव्हा आम्ही सगळे मेन बंद आहे म्हणून निर्धास्त पाण्यात उभे असतो.

इन्व्हर्टर बंद केला, बॅटरीची टोकं सोडवली. ट्यूब्युलर बॅटरी साठ किलोच्या आसपास भरते. नाना बहात्तरचे. "तुम्ही सोडा," म्हटलं तर म्हणाले, "अडत्याकडं हळदीची पोती काय तू उचललीस?" दोघांनी मिळून एकेक पायरी टेकत वर नेली. पुढचे आठ दिवस त्या एका बॅटरीवर दोन मोबाईल आणि रात्री एक छोटा दिवा चालला.

बोळात गुडघाभर पाणी असताना पाण्याची मोटर सोडवली. त्याआधी वरची हजार लिटरची टाकी काठोकाठ भरून घेतली होती. हे नशीब, कारण नंतर शहराचा पाणीपुरवठाच बंद पडला. गॅसची दोन्ही सिलिंडरं वर नेली. रिकामं सिलिंडर तरंगतं, आणि भरलेलंही तरंगतं. पुरात ते घरभर ढुशा देत हिंडतं.

मग रात्र झाली. बोट आली होती दुपारी, आमच्या गल्लीत. काकूंचे गुडघे गेलेले, त्यांना बोटीत उतरवणं जमेना आणि नाना काकूंशिवाय जाईनात. मी सुषमाला म्हणालो, तू पोरीला घेऊन जा. ती म्हणाली, रेघ आहे ना, तिच्यावर कशाला येतंय? आम्ही राहिलो. ते चुकलंच. आजही वाटतं, काकूंना खुर्चीला बांधून का होईना उतरवायला हवं होतं.

नानांनी जिन्यावर खडू ठेवला होता. पायरी सात इंचांची. दर तासाला रेघ मारायची. मंगळवारी रात्री तासाला दोन इंच चढत होतं. दहा वाजता पाणी ऑईलपेंटच्या रेघेखाली वीतभर होतं. मध्यरात्रीनंतर मी टॉर्च घेऊन खाली उतरलो आणि भिंतीवर रेघ शोधली. सापडली नाही. वाटलं जागा चुकली, म्हणून कपाटाच्या कडेनं हात फिरवला. रेघ पाण्याखाली होती.

वर जाऊन सांगितलं. नाना वही उघडून बसले होते. त्यांनी शेवटचा आकडा बघितला, पुढचं कोरं पान बघितलं आणि वही मिटली. "आता माझ्याकडं काही नाही," म्हणाले.

त्यानंतरचा दीड तास मला सलग आठवत नाही. मांड्यांपर्यंत पाण्यात मी आणि नाना, जिन्यावर सुषमा, वर काकू खुर्चीत बसून हातातलं घेत होत्या. आधी कागद, मग धान्य, मग कपडे. शिलाई मशीनचं वरचं धूड काढलं, पायाचा सांगाडा सोडला. लोखंडी कपाट हलेना. "त्याची दारं उघडी टाक," नाना ओरडले, "आणि खोलीचंही दार लावू नकोस. उघडं ठेवून दोरीनं बांध." लाकूड फुगलं की बंद दार कुऱ्हाडीशिवाय उघडत नाही, आणि आतबाहेर पाण्याची पातळी वेगळी राहिली की दाराला रेटा बसतो. फ्रीज स्टुलांवरून तरंगत सुटला होता. उंचावर ठेवलेला फ्रीज वाचत नाही, तो होडी होतो. माझ्या डोळ्यांसमोर तो तोंडावर पडला. हवं तर आधीच आडवा करून खिडकीच्या गजाला बांधायचा होता, पण हे शहाणपण दुसऱ्या दिवशीचं.

बुधवारपासून वेग कमी झाला, पण थांबेना. शुक्रवारी आयर्विनला साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास गेलं, असं रेडिओवर कळलं. आमच्या खोलीत साडेपाच फूट. मीटर बुडालं. गुरुवारी ब्रह्मनाळला बोट उलटल्याची बातमी आली होती, त्यानंतर काकू बोटीचं नावही काढू देईनात.

वर पाच माणसं, एक टाकी. नानांमधला दिवाणजी जागा झाला. माणशी दिवसाला वीस लिटर, सगळं मिळून. पिण्याचं उकळूनच. भांडी आणि संडासाला गच्चीच्या पन्हळीखाली धरलेलं पावसाचं पाणी. वरचा संडास चालत होता, पण संडासाची खालची टाकी बुडालेली असल्यानं पाणी हळूहळू ओतावं लागायचं, नाहीतर भांडं भरून यायचं. पत्त्यांत नाना लबाडी करतात हेही तेव्हाच कळलं.

पाणी उतरायला लागलं तेव्हा मी म्हणालो, चला, आता सगळं उतरलं की साफसफाई करू. नाना गप्पकन उठले. "उतरलं की नाही. उतरत असताना."

पुरानं मला शिकवलेली सगळ्यांत कामाची गोष्ट हीच. पाणी जातं आणि गाळ राहतो. ओला असतो तोवर तो ताकासारखा असतो, दोन दिवस ऊन लागलं की फावड्याला दाद देत नाही. नळाला पाणी नसतं, म्हणून तो धुवायला एकच पाणी असतं, पुराचंच. पाणी छातीवरून कमरेवर आलं की वरच्या अडीच फूट भिंती त्याच पाण्यानं बादल्या मारून, खराट्यानं घासून घ्यायच्या. कमरेवरून गुडघ्यावर आलं की पुढचा पट्टा. शेवटी फरशीवर वीतभर असताना सगळा गाळ ढवळून ढवळून दाराकडं लोटायचा, जाणारं पाणी तो घेऊन जातं. सगळ्यांत आधी मोरीतली गोणी काढायची, नाहीतर तिथंच डबकं.

आम्ही दोन दिवस पाळीपाळीनं ते केलं. मी खाली, नाना जिन्यावरून बादल्या देत, रात्री एक वाजता पाणी फरशीला आलं तेव्हाही. शेजारच्यांनी सकाळची वाट बघितली, त्यांच्या खोल्यांतून पुढं चार दिवस घमेल्यांनी गाळ निघत होता. मात्र ह्या कामाची किंमत असते. माझ्या पायाला जुनी चीर होती, ती चिघळली. आरोग्य खात्याची माणसं लेप्टोसाठी गोळ्या वाटत होती त्या सगळ्यांनी घेतल्या. गमबूट नव्हते. पायाला प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून मिरवण्यात अर्थ नसतो, त्या पहिल्या पायरीला फाटतात.

विजेचं मग माझ्याकडं आलं. गल्लीत पुरवठा सुरू झाल्याबरोबर लोकांनी मेन वर केले आणि दोन घरांत धूर निघाला. नानांनाही घाई झाली होती, काकूंना पंखा हवा होता. मी किटकॅट खिशातून काढेना. सगळे स्विचबोर्ड उघडले, भिंतीतल्या पाईपांतून अक्षरशः पाणी ठिबकत होतं. मिरजेहून मेगर, म्हणजे वायरींचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र, आणला. फेज आणि अर्थ यांमध्ये एक मेगओहम तरी यायला हवा. पहिल्या दिवशी खालच्या लाईनला काटा शून्याला चिकटून. वरची लाईन तोडून वेगळी केली, ती चांगली होती. नवीन मीटर बसल्यावर काकूंचा पंखा सुरू केला. खालच्या पाईपांतून जुन्या वायरी ओढून काढल्या, बोर्ड उघडेच ठेवले. सहाव्या दिवशी नवीन वायरींवर चांगलं रीडिंग आलं तेव्हा खाली दिवा लागला. वायरीचे पैसे नानांनी दिले, मजुरी मी लावली नाही.

पुरवठा येईपर्यंत गल्लीतल्या बुडालेल्या मोटरी लोक माझ्याकडं आणायला लागले होते. बुडालेली मोटर मरत नाही, वाळवायच्या आधी चालू केलेली मरते. खोलून स्वच्छ पाण्यानं गाळ धुवायचा, बेअरिंगं फेकायची, कॅपॅसिटर बदलायचा, मग स्टेटरच्या पोकळीत दोनशेचा बल्ब लावून दोन दिवस ठेवायचं आणि मेगर चांगला आला तरच वार्निश मारायचं. दुकानात एकदम अठरा स्टेटर बल्ब पोटात घेऊन बसले होते. नाना मिरजेला येऊन कुणाची कुठली मोटर ते वहीत लिहीत होते. लाल वहीतच, कोऱ्या पानांवर.

पंचनाम्याला माणसं आली तेव्हा मी दुकानात होतो. शहरातल्या कुटुंबाला पंधरा हजार, त्यांतले पाच रोख, असं ठरलं होतं. माझं रेशनकार्ड गावाकडचं, आधारवर गावाचाच पत्ता, आणि लाईटबिल, घरपट्टी सगळं नानांच्या नावावर. करारनामा होता, पण साध्या कागदावर, नोंदणी न केलेला आणि आता भिजून लगदा झालेला. कागद बघून लिहिणाऱ्यानं नानांचं नाव लिहिलं आणि पुढं सरकला. त्याची चूक नव्हती, कागदावर ते घर त्यांचंच. आसपास अशी भांडणं चालली होती. घरमालकाच्या नावानं मदत यायची आणि भाडेकरूनं विचारलं की मालक म्हणायचा, भिंती माझ्या खराब झाल्या.

सुषमानं सांगितलं ते असं. नानांनी त्या माणसाला परत बोलावलं. "घर माझं. पण बुडालं ते ह्यांचं. माझं वर सगळं कोरडं आहे, चला दाखवतो." खरंच वर नेऊन कोरडी खोली दाखवली. मग कोऱ्या कागदावर लिहून दिलं, की अमुक कुटुंब तीन वर्षांपासून माझ्या तळमजल्यावर भाड्यानं राहतं, पूर आला तेव्हा राहत होतं, नुकसान झालेलं सामान त्यांचं आहे. खाली सही, लाईटबिलाची प्रत, शेजारच्या दोघांच्या सह्या. माझ्या भिजलेल्या सामानाचे फोटो मी पाणी उतरताना काढले होते, रेघ दिसेल असे. ते जोडले. तरी दोन हेलपाटे पडले, पण पैसे माझ्या खात्यावर आले.

मी नानांना विचारलं, तुमचं नाव लागलं होतं, कशाला बदललंत? म्हणाले, "चाळीस वर्षं दुसऱ्याचा माल दुसऱ्याच्या खात्यावर मांडला. आता हात वळत नाही." आणि लगेच, "तुझ्या फ्रीजचा सांगाडा बोळातून कधी उचलतोयस?"

दिवाळीआधी भिंत रंगवली. जुनी रेघ तशीच ठेवून साडेपाच फुटांवर नवी ओढली. ह्या वेळी मी शिडीवर आणि नाना खाली, "वाकडी जातीय" म्हणत. मीटरचा बोर्ड साडेसात फुटांवर गेला, इन्व्हर्टर वरच राहिला, जिन्याची लाईन मी वरून फिरवून घेतली. करारनामा नोंदणी करून घेतला, आणि त्याची एक प्रत काकूंच्या तांदळाच्या डब्यात असते.

जुलै २०२१ ला पुन्हा आलं, आयर्विनला पंचावन्नच्या आसपास. खोलीत तीन फूट. आम्ही सामान आदल्या दिवशीच वर नेलं होतं आणि सुषमा, पोरगी आणि काकू मिरजेला होत्या, काकू खुर्चीसकट. मीटर कोरडं राहिलं. मी आणि नाना रात्रभर जिन्यावर खडू घेऊन बसलो होतो. पहाटे पाणी थांबलं तेव्हा त्यांनी वहीत आकडा लिहिला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मोरीची गळती काढून घेऊ आता."

"आणि पाचशे?"

"ते बघू," म्हणाले.